पंधराशे आरपीएम, आणि शाफ्ट जागच्या जागी

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत फौंड्र्या आणि मशीनशॉप जास्त. फर्मवेअर, म्हणजे चिपच्या पोटात राहणारा प्रोग्रॅम, लिहिणारी टेबलं त्या मानाने थोडी. जिथं आहेत तिथं पंपाचे स्टार्टर, मोटरचे कंट्रोलर, मशीनची कार्डं असं काम चालतं. मी अशाच एका छोट्या विभागात आहे. ट्रेनी घ्यायचं ठरलं की डिप्लोमा झालेल्या मुलामुलींचे अर्ज आधी माझ्या टेबलावर येतात. एमएसबीटीईच्या उन्हाळी परीक्षेचा निकाल लागला की ते जास्त येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच पत्रांत एक मोटर असते. शेवटच्या वर्षाच्या कॅपस्टोन प्रोजेक्टला मोटर कंट्रोलर घेण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे, आणि ती चांगली आहे. आमचं निम्मं काम मोटरचंच आहे. ही पत्रं वाचून, त्यातल्या काही मुलांशी बोलून आणि काहींना शेजारच्या खुर्चीवर बसवून जे कळलं, ते इथं लिहिते.

१. मोटरचा परिच्छेद हेच खरं पत्र

एका मुलाच्या पत्रातला परिच्छेद असा होता. पत्र अर्थातच इंग्रजीत होतं, मजकूर मराठीत देते: ‘आम्ही मायक्रोकंट्रोलर वापरून बीएलडीसी मोटर स्पीड कंट्रोल हा प्रकल्प यशस्वीरीत्या पूर्ण केला. या प्रकल्पात मोटरचा वेग अचूकपणे नियंत्रित केला जातो. यामुळे मला एम्बेडेड सिस्टिमचं सखोल ज्ञान मिळालं.’

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण हीच तीन वाक्यं, बाजारातून तयार किट आणून त्यावर कॉलेजचं स्टिकर लावणाराही लिहू शकतो, आणि लिहितो. वाचणाऱ्याला दोघांत फरक करता येत नाही, म्हणून तो दोघांनाही बाजूला ठेवतो. उद्यमनगरात टर्नर कामावर घेताना त्याची शिफारस कुणी फार वाचत बसत नाही. लेथवर एक जॉब लावायला देतात आणि माप तपासतात. पत्रातला मोटरचा परिच्छेद हा तसा लावलेला जॉब असला पाहिजे.

त्या मुलाची गुणपत्रिका साधी होती, पण मायक्रोकंट्रोलरच्या प्रॅक्टिकलचे गुण बाकीच्यांपेक्षा उठून दिसत होते. म्हणून मी त्याला फोन लावला आणि एवढंच विचारलं, “प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त कुठं अडला होतास?” आधी तो गप्प झाला, मग सुरू झाला आणि थांबेचना. “मॅडम, ब्रेक लावून शाफ्ट थांबवला, आणि डिस्प्ले पंधराशेच दाखवतोय. आम्हाला वाटलं डिस्प्ले हँग झाला.” तिथून पुढं त्यानं जे सांगितलं त्यातलं एक अक्षरही पत्रात नव्हतं. मी म्हटलं, “आता हेच लिही. पत्र पुन्हा पाठव.”

२. पहिल्या वाक्यात मोटर डोळ्यांपुढे उभी राहावी

‘मोटर’ म्हटलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. खेळण्यातली डीसी मोटर, ड्रोनची मोटर आणि विहिरीवरची साडेसात एचपीची मोटर यांचे कंट्रोलर एकमेकांना ओळखही दाखवणार नाहीत. म्हणून पहिल्याच वाक्यात चार गोष्टी याव्यात: मोटर कोणत्या जातीची, किती व्होल्टची, चिप कोणती आणि वेग किंवा जागा कशानं कळते.

या मुलाची मोटर २४ व्होल्टची बीएलडीसी होती, म्हणजे ब्रश नसलेली, रोटरवर लोहचुंबकाच्या चार जोड्या असलेली. आत तीन हॉल सेन्सर. रोटरच्या चुंबकाचा एक ध्रुव समोर आला की सेन्सर १ देतो, दुसरा आला की ०. तीन सेन्सरचे आठ मेळ होतात, पण मोटर फिरताना त्यांतले सहाच येतात. तिन्ही शून्य किंवा तिन्ही एक आले तर समजायचं की वायर तुटली आहे किंवा कनेक्टर सैल आहे. हे सहा मेळ ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने मोटरच्या तीन वायरींपैकी दोघींत करंट सोडत जायचं, याला सिक्स-स्टेप कम्युटेशन म्हणतात. चिप एसटीएम३२ घराण्यातली, ७२ मेगाहर्ट्झवर चालणारी.

एवढं एका वाक्यात बसतं: ‘२४ व्होल्ट, चार पोल-जोड्यांच्या, हॉल सेन्सर असलेल्या बीएलडीसी मोटरचा एसटीएम३२ वर सिक्स-स्टेप कंट्रोलर.’ हे वाचताच माझ्या डोक्यात त्या कामाचा नकाशा तयार होतो, आणि कुठं कुठं अडलं असेल हेही दिसू लागतं.

३. ‘आम्ही’ची फोड करा

प्रोजेक्ट चौघांचा असतो, नोकरी एकाला मिळते. त्यामुळे ‘आम्ही केलं’ या शब्दांपाशी वाचणारा अडखळतो. यात काही लपवायचं कारण नाही. चौघांत वाटणी होणारच, आणि एकाने रिपोर्ट टाइप केला, दुसऱ्याने लाकडी स्टँड आणि पुली बसवली, तरी ते कामच आहे. पण फर्मवेअरच्या जागेसाठी अर्ज करताना कोडच्या कोणत्या फाइल्स तुमच्या हातच्या आहेत, हे स्पष्ट हवं.

विकत आणलेल्या वस्तूंचंही तसंच. या गटाने पॉवर बोर्ड पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या बाजारातून तयार आणला होता. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग आणायला आपल्याकडची मुलं तिथंच जातात. पहिल्या पत्रात या खरेदीचा उल्लेख नव्हता, कारण मुलाला ते कमीपणाचं वाटत होतं. माझ्या मते ती शहाणपणाची खरेदी होती. पॉवर बोर्ड स्वतः करायला घेतला असता तर सहावं सेमिस्टर मॉस्फेट जाळण्यातच गेलं असतं. ‘पॉवर बोर्ड तयार घेतला, कम्युटेशन आणि वेग मोजण्याचा कोड माझा’ असं लिहिलं की बोर्डाबद्दल कुणी आडवे प्रश्न विचारत नाही, आणि कोडबद्दल मोकळेपणाने विचारता येतं.

वाटणी आठवत नसेल तर प्रोजेक्ट डायरी उघडा. दर आठवड्याला गाइडची सही घेण्यापुरती ती भरली जाते आणि तोंडी परीक्षेनंतर कपाटात जाते. पण कोणत्या आठवड्यात काय चाललं नाही, हे लिहून ठेवलेली तुमच्याकडची ती बहुधा एकमेव जागा असते.

४. एक बिघाड पूर्ण सांगा

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पत्राचा निकाल इथंच लागतो.

मोटर चालली, हे वाक्य कुणालाही लिहिता येतं. ती का चालत नव्हती आणि ते कसं शोधलं, हे ज्याने शोधलं त्यालाच लिहिता येतं. या मुलाचा बिघाड मी सविस्तर सांगते.

वेग मोजण्याची त्यांची रीत सरळ होती. चार पोल-जोड्या, प्रत्येक जोडीमागे हॉलचे सहा बदल, म्हणजे शाफ्टच्या एका फेरीत २४ बदल. चिपमधला एक टायमर मायक्रोसेकंद मोजत असतो. दर बदलाला इंटरप्ट येतो आणि मागच्या बदलापासून किती मायक्रोसेकंद गेले ते काढलं जातं. त्यावरून वेग:

```c
speed_rpm = 2500000 / dt_us;
```

२५ लाख कुठून आले? मिनिटाचे ६ कोटी मायक्रोसेकंद, भागिले २४. दोन बदलांत १६६७ मायक्रोसेकंद गेले तर उत्तर जवळपास १५०० आरपीएम. हिशोब बरोबर आहे.

मग लोड देऊन बघायचा म्हणून त्यांनी पुलीवर चामड्याच्या पट्ट्याचा ब्रेक बसवला. ब्रेक हळूहळू आवळला तर वेग कायम राहायचा, सगळे खूश. एकदा पट्टा झटकन आवळला गेला आणि शाफ्ट जागीच थांबला. बेंच सप्लायचा करंट लिमिटचा दिवा लागला, मॉस्फेटचा हीटसिंक तापू लागला, आणि डिस्प्लेवर मात्र शांतपणे १५०० आरपीएम. त्यांनी डिस्प्ले बदलला. तरी १५००.

दुसरं लक्षण वेगळंच दिसत होतं. वेग दोनशेच्या खाली सेट केला की मोटर धक्के खात फिरायची, आणि मध्येच डिस्प्लेवर पाचशेच्या वरचा आकडा चमकून जायचा. याचा दोष सगळ्यांनी पीआय लूपवर टाकला. पीआय लूप म्हणजे हवा तो वेग आणि मोजलेला वेग यांतला फरक बघून मोटरला कमी-जास्त पॉवर देणारा हिशोब. त्यातले दोन आकडे, केपी आणि केआय, ते आठवडाभर बदलत बसले. धक्के कधी कमी व्हायचे, कधी वाढायचे, जायचे मात्र नाहीत. आकडे बदलून लक्षण फक्त रूप बदलत असेल, तर बिघाड त्या आकड्यांत नसण्याची शक्यता मोठी असते. मोटरच्या कामात ही खूण फार उपयोगी पडते.

वळण आलं ते एका साध्या कृतीने. मुलाने डिस्प्लेवर वेग दाखवणं थांबवलं आणि `dt_us` हा कच्चा आकडाच सिरियल पोर्टवरून लॅपटॉपवर काढला. मोटर हळू करत गेला तसा आकडा वाढत गेला: ५० हजार, ६० हजार, ६४ हजार, आणि मग एकदम ४४६४. टायमर १६ बिटांचा होता. ६५,५३५ नंतर तो पुन्हा शून्यापासून मोजतो. दोन बदलांत खरे ७०,००० मायक्रोसेकंद गेले, पण टायमरने त्यातले ६५,५३६ गिळले आणि ४४६४ दाखवले. सूत्राने उत्तर दिलं ५६० आरपीएम. मोटर खरी फिरत होती ३६ ने. लूपला वाटलं वेग फार वाढला, त्याने पॉवर तोडली. मोटर थांबायला आली, पुन्हा पॉवर दिली. तोच धक्का.

हे दिसल्यावर पहिलं कोडंही सुटलं. वेग फक्त हॉलचा बदल आला तरच मोजला जात होता. शाफ्ट थांबला की बदल येत नाही, बदल आला नाही की मोजणी होत नाही, आणि मोजणी झाली नाही की शेवटचा आकडा तसाच राहतो. लूपच्या दृष्टीने सगळं ठीक होतं: हवे १५००, आहेत १५००. त्यामुळे तो पॉवर देतच राहिला. थांबलेल्या मोटरमध्ये विरुद्ध व्होल्टेज तयार होत नाही, म्हणून करंट वाढत गेला. सप्लायला लिमिट होतं म्हणून बोर्ड वाचला. बॅटरीवर चाललं असतं तर मॉस्फेट गेलेच असते.

दोन्हीचं मूळ एकच: बदल येण्याची वाट बघणारा कोड होता, बदल न आल्याची दखल घेणारा नव्हता. उपाय थोडक्यात होता. ६० मिलिसेकंदांत एकही बदल आला नाही तर वेग शून्य धरायचा, आणि त्यानंतर येणाऱ्या पहिल्या बदलाचा हिशोब सोडून द्यायचा, कारण त्या वेळी टायमर किती वेळा उलटला हे कळायला मार्ग नसतो.

```c
if (HAL_GetTick() - last_edge_ms > 60) {
    speed_rpm = 0;
    dt_valid  = 0;
}
```

यालाही मर्यादा आहे. सुमारे ४२ आरपीएमच्या खालचा वेग हा कंट्रोलर आता दाखवूच शकत नाही, शून्यच म्हणतो. त्या मोटरच्या कामाला एवढा हळू वेग लागत नव्हता, म्हणून चाललं. शिवाय वेग शून्य आणि पॉवर चालू अशी स्थिती अर्धा सेकंद टिकली तर आउटपुट बंद करायचं, हे कलमही त्याने घातलं.

आता हे सगळं पत्रात लिहायचं नाही. पत्रात याची चार-पाच वाक्यं होतात: काय दिसलं, आधी कशावर संशय होता, काय मोजलं, काय निघालं, काय बदललं. हाच क्रम ठेवावा, कारण बिघाड शोधताना माणूस याच क्रमाने जातो. यातलं ‘आधी कशावर संशय होता’ हे वाक्य मुलं गाळतात. ते गाळू नये. चुकीचा संशय कसा सोडला, हे वाचूनच मला कळतं की हा मुलगा आकड्यांपुढे आपलं मत बाजूला ठेवतो.

५. आकडा लिहा, पण तो कुठून आला ते सांगता येईल असाच

‘९९ टक्के अचूकता’ हा आकडा मोटरच्या पत्रांत वारंवार भेटतो. विचारलं की कळतं, सेट केलेला वेग आणि डिस्प्लेवरचा वेग यांची तुलना केली होती. लूपचं कामच ते दोन आकडे सारखे करणं. मोजणी चुकीची असली तरी ते सारखेच दिसतील. शाफ्ट थांबलेला असतानाही १५०० आणि १५०० होतेच की! वेगाची खात्री करायची तर मोजणारं साधन वेगळं हवं. पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल मशीन्सच्या लॅबमध्ये बहुतेक ठिकाणी टॅकोमीटर असतो. पुलीवर चकचकीत पट्टी चिकटवायची आणि त्याने बघायचं. ‘सेट १५००, टॅकोमीटरवर १४९० ते १५०८’ हे वाक्य ९९ टक्क्यांपेक्षा मला जास्त पटतं, कारण त्यात मोजमाप केलेलं दिसतं.

आणखी एक आकडा चांगल्या पत्रांत येतो, डेड टाइमचा. मोटरच्या प्रत्येक वायरीमागे वरचा आणि खालचा असे दोन मॉस्फेट असतात. एक बंद होऊन दुसरा सुरू होताना मध्ये थोडा वेळ दोन्ही बंद ठेवावे लागतात. नाहीतर क्षणभर दोन्ही सुरू राहतात, सप्लाय सरळ शॉर्ट होतो आणि बोर्ड उडतो. या मुलाने एक मायक्रोसेकंद ठेवला होता. ७२ मेगाहर्ट्झच्या घड्याळाचे ७२ ठोके म्हणजे एक मायक्रोसेकंद, हे त्याला पाठ होतं. मी विचारलं, “रजिस्टरमध्ये ७२ लिहिलेस, पण बोर्डवर खरंच एक मायक्रोसेकंद मिळतो का?” त्याने डीएसओवर दोन्ही गेटचे सिग्नल एकाखाली एक लावून घेतलेला फोटो दाखवला. माझं समाधान झालं. फोटो काढताना टाइम-बेस दिसेल असा काढावा, एवढीच त्यात भर घालते.

६. सुधारलेलं पत्र

ते असं आलं. नाव-पत्ता वगळून, मराठीत:

विषय: ट्रेनी फर्मवेअर पदासाठी अर्ज (ई अँड टीसी डिप्लोमा, प्रोजेक्ट: बीएलडीसी मोटर कंट्रोलर)

आदरणीय मॅडम,

आपल्याकडील ट्रेनी फर्मवेअर या जागेसाठी अर्ज करत आहे. मी यंदा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा डिप्लोमा पूर्ण केला.

शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी २४ व्होल्ट, चार पोल-जोड्यांच्या, हॉल सेन्सर असलेल्या बीएलडीसी मोटरचा एसटीएम३२ वर सिक्स-स्टेप कंट्रोलर केला. पॉवर बोर्ड तयार घेतला. कम्युटेशन, वेग मोजणं आणि पीआय लूप यांचा सी भाषेतला कोड मी लिहिला; डिस्प्लेचा कोड गटातल्या दुसऱ्याचा आहे.

चाचणीत शाफ्ट अडकवल्यावरही वेग १५०० दिसत होता आणि कमी वेगाला मोटर धक्के खात होती. आधी डिस्प्ले आणि मग पीआयचे आकडे बदलून पाहिले, फरक पडला नाही. हॉलच्या दोन बदलांमधला वेळ सिरियलवर काढल्यावर दिसलं की १६ बिटांचा टायमर ६५.५ मिलिसेकंदांनंतर उलटतो आणि शाफ्ट थांबल्यावर जुना वेगच राहतो. बदल न आल्यास वेग शून्य धरण्याचा आणि अर्ध्या सेकंदात आउटपुट बंद करण्याचा कोड घातला. आता सेट १५०० ला टॅकोमीटरवर १४९० ते १५०८ येतात.

एक दोष अजून शिल्लक आहे. मोटर बराच वेळ चालवली की काही मिनिटांतून एकदा हलका झटका बसतो. कारण सापडलेलं नाही. करंट मोजण्याची सोय कंट्रोलरमध्ये नाही.

वेग मोजण्याची फाइल आणि गेट सिग्नलचा फोटो सोबत जोडला आहे. बोर्ड चालू स्थितीत आहे, आणून दाखवू शकतो. मी कागल तालुक्यात राहतो. बोलावल्यास कोणत्याही दिवशी येऊ शकतो.

आपला विश्वासू

पानभर मजकूर, त्यात स्वतःची स्तुती करणारं एकही विशेषण नाही. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘टीममध्ये काम करण्याची आवड’ हे शब्द पहिल्या पत्रात होते, ते त्याने आपणहून काढले. टायमर, इंटरप्ट, सिरियल, पीडब्ल्यूएम यांची वेगळी यादीही राहिली नाही, कारण त्यांतलं जे खरंच वापरलं ते गोष्टीतच आलं. आयओटी आणि रोबोटिक्सही गेले. एका कार्यशाळेचं प्रमाणपत्र म्हणजे ते येतं असं नव्हे, आणि त्यावर विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला मुलं अडकतात, मग उरलेल्या पत्रावरचाही विश्वास कमी होतो.

७. अर्ज कशासाठी आहे तेही लिहा

हे थोडक्यात सांगण्यासारखं आहे, पण घोळ बराच होतो. ॲप्रेंटिस कायद्याखालचं, नॅट्सच्या पोर्टलवर नोंदवून होणारं प्रशिक्षण वेगळं आणि कंपनीने स्वतःच्या पटावर घेतलेला ट्रेनी वेगळा. पहिल्यात स्टायपेंड, ठरलेली मुदत आणि शेवटी प्रमाणपत्र असतं; दुसऱ्यात पुढं कायम होण्याची बोलणी असतात. दोन्ही चालणार असेल तर तसं एक वाक्य लिहावं. ज्याला पुढं थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जायचं आहे त्याने तेही सांगावं. फर्मवेअरचा माणूस तयार व्हायला वेळ लागतो आणि तो मध्येच गेला तर छोट्या विभागाचं काम खोळंबतं. सांगून आलेल्या मुलाला त्या हिशोबाने काम देता येतं.

८. शिल्लक दोषाचं वाक्य काढून टाकू नका

पत्र पाठवण्याआधी त्याने मला फोन करून विचारलं होतं, “मॅडम, झटक्याचं लिहू का? वाईट दिसंल.” त्याच्या गाइडनेही ते काढायला सांगितलं होतं. मी लिही म्हटलं. मुलाखतीत आमचा सगळा वेळ त्याच वाक्यावर गेला.

तो बोर्ड घेऊन आला. आम्ही मोटर १५०० वर लावून चहा मागवला आणि वाट बघत बसलो. झटका आला. सिरियलवर बघितलं तर त्या क्षणी वेग शून्य नोंदला गेला होता, आणि दोन-तीन मिलिसेकंदांत पुन्हा १५००. मोटर फिरत असताना शून्य येणार फक्त एकाच ठिकाणाहून, त्या ६० मिलिसेकंदांच्या अटीतून. मी त्याला म्हटलं, “या ओळीत दोन वेळा वाचल्या जातात. कोणती आधी वाचली जाते?” तो बराच वेळ ओळीकडे बघत राहिला. मग वहीवर त्याने दोन आकडे लिहिले, १०० आणि १०१, आणि मान वर केली.

झालं होतं ते असं. प्रोसेसरने आधी चालू वेळ वाचली, समजा १००. दुसरा आकडा वाचण्याआधी, त्याच सूक्ष्म फटीत मिलिसेकंद बदलला आणि लगेच हॉलचा इंटरप्टही आला. त्याने शेवटच्या बदलाची वेळ १०१ अशी नोंदवली. आता वजाबाकी १०० वजा १०१. हे आकडे बिनचिन्हाचे आहेत, त्यांना उणे एक माहीत नाही. उत्तर येतं ४,२९,४९,६७,२९५. ते साठापेक्षा मोठं आहेच. कोड म्हणतो मोटर थांबली, लूप घाबरून जास्त पॉवर देतो, झटका बसतो. दोन्ही गोष्टी एकाच फटीत जुळून याव्या लागतात, म्हणून मिनिटं जातात.

ओळ त्यानेच बदलली. शेवटच्या बदलाची वेळ आधी स्वतंत्रपणे उचलून ठेवायची, चालू वेळ नंतर वाचायची. मध्ये इंटरप्ट आला तरी उचललेला आकडा जुनाच राहतो आणि वजाबाकी उणे होत नाही.

```c
uint32_t t = last_edge_ms;
if (HAL_GetTick() - t > 60) {
    speed_rpm = 0;
    dt_valid  = 0;
}
```

“पण `last_edge_ms` ला volatile लावलंय का?” मी विचारलं. लावलं होतं. नसतं तर कंपायलर या दोन वाचनांचा क्रम पुन्हा आपल्या सोयीने लावू शकला असता. त्याने कोड चिपमध्ये भरला, मोटर सुरू केली, आणि आम्ही जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती तशीच चालू ठेवली. सिरियलच्या लॉगमध्ये शून्य शोधलं. एकही नव्हतं. करंट मोजण्याची सोय कशी करायची, यावर तो आता आमच्याच टेबलावर बसून काम करतो आहे. शंट रेझिस्टर कुठं लावायचा यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.